वरचा सूर कुठे लावायचा आणि कुठे नाही

चालीच्या वर तिसरा सूर धरून दुसरा आवाज चढवला की हार्मनी झाली, असं नव्याने रेकॉर्डिंग करणारी बहुतेक मुलं धरून चालतात. नागपुरात आता धरमपेठेपासून जरीपटक्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या खोलीत लॅपटॉप, माइक आणि हेडफोन असतोच, त्यामुळे अशी गाणी ऐकायला पाठवणारेही बरेच. त्यांची तक्रार जवळपास एकसारखी असते: "दादा, चाल सुरात आहे, हार्मनी पण सुरात आहे, मग दोन्ही मिळून काहून बेसूर लागून राहिलं?"

दोन्ही आवाज खरंच सुरात असतात, तरीही तक्रार खरी असते. गोंधळ गळ्यात नसतो, सूर निवडण्यात असतो. म्हणून हा लेख फक्त एकाच प्रकारच्या हार्मनीबद्दल आहे: चालीच्या वर, तिसऱ्या सुरावर. ती सगळ्यात जास्त वापरली जाते आणि सगळ्यात जास्त चुकतेही.

आधी 'तिसरा' कसा मोजायचा ते पाहू. चालीचा सूर हा पहिला, त्याच्या पुढचा दुसरा आणि त्याच्या पुढचा तिसरा. चाल सा वर असेल तर सा, रे, ग. म्हणजे हार्मनी ग वर. चाल रे वर असेल तर रे, ग, म. हार्मनी म वर. सगळे शुद्ध सूर घेतले तर जोड्या अशा होतात: सा–ग, रे–म, ग–प, म–ध, प–नी, ध–तार सा, नी–तार रे. इथवर शाळेतल्या मुलालाही जमेल.

आता पेटी समोर घेऊन याच जोड्या पट्ट्या मोजत वाजवा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. सा पासून ग पर्यंत चार पट्ट्या चढाव्या लागतात. रे पासून म पर्यंत मात्र तीनच. ग–प तीन, म–ध चार, प–नी चार, ध–सा तीन, नी–रे तीन. म्हणजे 'तिसरा सूर' हे एक ठरलेलं अंतर नाही. कधी ते चार पट्ट्यांचं असतं, कधी तीन. सात जोड्यांपैकी तीन मोठ्या आहेत आणि चार लहान.

पहिली चूक इथेच होते, आणि ती यंत्र करतं तशीच माणूसही करतो. सॉफ्टवेअरमध्ये मूळ आवाजाची नक्कल करून ती चार पट्ट्या वर सरकवली, तर सा, म आणि प या तीनच सुरांवर उत्तर बरोबर येतं. रे चा जोडीदार शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम होतो, ग चा कोमल धैवत, ध चा कोमल रिषभ आणि नी चा कोमल गंधार. ज्या गाण्यात एकही कोमल-तीव्र सूर नाही, त्यात एकदम चार परके सूर घुसतात. माणूस हीच चूक वेगळ्या वाटेने करतो: गंधारालाच नवा सा मानतो आणि अख्खी चाल तिथून म्हणतो. शास्त्रीय गाणं शिकलेल्यांना हे फार सहज जमतं, कारण सा कुठेही ठेवून गाण्याची त्यांना सवय असते. त्यांचा प्रत्येक सूर त्यांच्या नव्या सा च्या हिशेबात चोख लागतो, फक्त तो सा या गाण्याचा नसतो. ओळखायची खूण सोपी आहे. ओळीची सुरुवात गोड लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर अंगावर काटा येतो, तोही नको तो.

हार्मनी गाणाऱ्याने सा बदलायचा नाही. सगळ्यांचा सा एकच, चाल मात्र वेगळी.

हे सांभाळलं की निम्म्या तक्रारी संपतात. उरलेल्या निम्म्यांचं कारण चालीत नसतं, ते खाली वाजणाऱ्या कॉर्डमध्ये असतं. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर. सा ची कॉर्ड म्हणजे सा-ग-प, म ची कॉर्ड म-ध-सा, प ची कॉर्ड प-नी-रे. प्रत्येकीत एक पाया, एक मधला आणि एक वरचा सूर असतो. चाल पायावर असेल तर तिच्या वरचा तिसरा सूर हा कॉर्डचा मधला सूर निघतो: सा ची कॉर्ड वाजतेय, चाल सा वर, हार्मनी ग वर, काही भांडण नाही. चाल मधल्या सुरावर असेल तर तिसरा सूर हा कॉर्डचा वरचा सूर निघतो: चाल ग वर, हार्मनी प वर, तेही छान. पण चाल कॉर्डच्या वरच्या सुरावर असेल तर? सा ची कॉर्ड वाजतेय आणि चाल प वर आहे. तिसरा सूर येतो नी. नी त्या कॉर्डमध्ये नाही. उलट गिटार किंवा कीबोर्डवर जो सा वाजतोय, त्याला तो एका पट्टीच्या अंतरावरून खेटून उभा राहतो. गायक सुरात असूनही कान म्हणतो, काहीतरी बिनसलंय.

यावर उपाय एकच पट्टी वर आहे. नी सोडून तार सा घ्यायचा. आता चाल आणि हार्मनी यांच्यात तिसऱ्याऐवजी चौथ्या सुराचं अंतर आहे (प, ध, नी, सा), पण दोन्ही सूर कॉर्डमधले आहेत आणि सगळं शांत बसतं. तेव्हा नियम असा धरा: चाल कॉर्डच्या पायावर किंवा मधल्या सुरावर असेल तर तिसरा, वरच्या सुरावर असेल तर चौथा. ज्याला आपण 'थर्डची हार्मनी' म्हणतो, ती ऐकून लिहायला बसलात तर तिच्यात असे चौथे अधूनमधून सापडतात. एव्हर्ली ब्रदर्स ही अमेरिकन भावांची जोडी १९५०च्या दशकात अशाच जवळच्या हार्मनीसाठी गाजली. थोरला डॉन सहसा खालची मूळ चाल धरायचा आणि धाकटा फिल त्याच्या वर गायचा. हा प्रकार कानाला समजून घ्यायचा असेल तर त्यांच्याकडे जावं.

नुसत्या नियमाने समाधान होत नाही, तेव्हा एक ओळ घेऊन बसू. मुद्दाम साधी चाल बांधली आहे, पट्टी कुठलीही धरा, सगळे सूर शुद्ध.

फुटाळ्यावर सांज उतरली
दिवे लागले काठाला

पहिल्या ओळीची चाल अशी: फु वर सा, टा वर रे, ळ्या वर ग, 'वर' वर पुन्हा ग. मग 'सांज' ही दोन्ही अक्षरं प वर, थोडी लांबवून. उ वर म, तर वर ग आणि ली वर रे, तिथे थांबा. 'फुटाळ्यावर सांज' पर्यंत सा ची कॉर्ड वाजते, 'उतरली' ला प ची.

डोळे मिटून तिसरे सूर लावले तर हार्मनी येते: ग, म, प, प, मग सांज वर नी, नी, मग ध, प आणि शेवटी म. गाऊन पाहा, पेटीवर कॉर्ड धरून. पहिली चार अक्षरं सुंदर लागतात. 'सांज' वर तो नी येतो आणि संध्याकाळ उतरायच्या ऐवजी लटकून राहते. नियम वापरला तर तिथे तार सा येतो, आणि तो लांबवलेला असल्यामुळे अख्खी ओळ त्या शब्दावर उजळते. 'उतरली' मधले म आणि ग झटकन जाणारे सूर आहेत. त्यांच्यावर ध आणि प लावून पुढे जायचं, तिथे कॉर्डशी काटेकोर हिशेब मांडत बसायचं नाही. कान भांडण ओळखतो ते थांबलेल्या सुरावर, धावत्या सुरावर क्वचितच.

'ली' वर मात्र थांबायचं आहे. चाल रे वर, कॉर्ड प-नी-रे. रे हा तिचा वरचा सूर, म्हणून चौथा घ्यायचा: प. तिसरा म घेतला तर ऐकायला वाईट नाही, पण तो म पुढे कुठेतरी जायला बघतो, गंधाराकडे ओढ घेतो. इथे ओळ संपतेय, श्वास घ्यायचा आहे. म्हणून प.

आता दुसरी ओळ. दि आणि वे वर ध, ध. मग ला वर प, ग वर म, ले वर ग. का आणि ठा वर रे, रे, आणि शेवटच्या ला वर सा. 'दिवे' ला म ची कॉर्ड, 'लागले' ला सा ची, 'काठा' ला प ची आणि शेवटी परत सा ची.

'दिवे' वर चाल ध वर आहे. ध हा म-ध-सा या कॉर्डचा मधला सूर, म्हणून तिसराच: तार सा. 'ला' वर चाल प वर उतरते, कॉर्ड सा ची, म्हणजे चौथा: पुन्हा तार सा. गंमत अशी की चाल हलली पण हार्मनी जागची हलली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण नवीन गायकांना वाटतं की चाल हलली की आपणही हललंच पाहिजे. तसं काही नाही, एका सुरावर उभं राहिलेली हार्मनी बहुतेक वेळा जास्त भरदार लागते. पुढे 'गले' वर म आणि ग, त्यांच्यावर ध आणि प.

राहिलं 'काठाला'. का आणि ठा वर रे, खाली प ची कॉर्ड. पहिल्या ओळीच्या 'ली' वर हाच सूर होता आणि हीच कॉर्ड होती. तिथे आपण म टाळून प घेतला. इथे मी म घेतो. कारण पुढचंच अक्षर सा वर येतं आणि त्याची हार्मनी ग वर. म ला जायचं असतं गंधारावर, आणि इथे आपण त्याला तिथेच नेतोय. म, म, ग. ती एका पट्टीची उतरण म्हणजे या दोन ओळींतला सगळ्यात सुखाचा क्षण आहे. सूर तोच, कॉर्ड तीच आणि निर्णय दोन. फरक एवढाच की एका ठिकाणी थांबायचं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी घरी जायचं होतं. कुठलंही बटण दाबून हे ठरत नाही, पुढचा सूर कुठला येणार आहे ते माहीत असावं लागतं.

पूर्ण हार्मनी एकत्र लिहिली तर अशी होते:

ग म प प, तार सा तार सा, ध प प
तार सा तार सा तार सा ध प, म म ग

हीच एक स्वतंत्र चाल म्हणून गुणगुणून बघा. ती एकटीही गाण्यासारखी वाटली तर हार्मनी नीट बांधली गेली. उड्या फार मारत असेल तर कुठेतरी सूर बदलायला हवा.

या सगळ्या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे, आणि आपल्याकडे तो रोज भेटतो. चाल रागावर असेल तर वरचा तिसरा सूर रागात असेलच असं नाही. भूप घ्या: सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. रे वर चाल आली की तिसरा सूर म येतो, आणि तो लागला की भूप संपला. इथे रागातल्याच सुरांत मोजायचं, म्हणजे एक सोडून पुढचा घ्यायचा. सा वर ग, रे वर प, ग वर ध, प वर तार सा, ध वर तार रे. पहिली जोडी तेवढी तिसऱ्या सुराची निघते, बाकी चारही चौथ्याच्या. त्यामुळे भूपातली हार्मनी जरा मोकळी, पोकळ लागते. मला ती आवडते, पण गोड थर्डच्या अपेक्षेने आलेल्याला ती रुचेलच असं नाही. ज्या रागांत मींड आणि आंदोलन हाच जीव आहे, तिथे मी हार्मनी सुचवतच नाही. दोन माणसांची मींड एकाच वेगाने सरकत नाही, आणि सरकवली तर राग यांत्रिक होतो.

आता मूळ प्रश्न: सूर तर ठरले, पण ते गाण्यात कुठे ठेवायचे?

वरच्या हार्मनीचा एक स्वभाव आहे. दोन आवाज एकत्र आले की कान सहसा वरच्या आवाजाला चाल समजतो. त्यामुळे ती जोरात असेल, किंवा गाण्याच्या पहिल्याच ओळीपासून असेल, तर ऐकणारा हार्मनीच गुणगुणत घरी जातो. आधी चाल त्याच्या कानात बसू द्यावी लागते. म्हणून मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा मी एकही हार्मनी ठेवत नाही. कितीही सुंदर रेकॉर्ड झालेली असो, ती तिथे म्यूट.

मुखडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा फक्त 'काठाला'. म, म, ग, तेवढेच तीन सूर. ओळीच्या शेवटी, लांबवलेल्या शब्दावर, उतरणीवर. ऐकणाऱ्याला नवीन काही आलं हे कळतही नाही, फक्त ओळ आधीपेक्षा नीट मिटल्यासारखी वाटते.

अंतऱ्यात गोष्ट सांगितली जाते, तिथे शब्द समजणं महत्त्वाचं. दोन आवाज म्हणजे दोनदा उच्चार, आणि शब्द थोडा तरी धुरकटतो. शिवाय अंतऱ्यात गायक हरकती घेतो, मुरकी टाकतो, आणि हार्मनीला त्या घेता येत नाहीत. चालीने मुरकी घेतली आणि हार्मनी सरळ राहिली तर चालतं. दोघांनी घेतली तर ती मुरकी राहत नाही, घसरगुंडी होते. अंतऱ्याची शेवटची ओळ परत मुखड्याकडे नेत असेल, तर तिथे एखाद्या शब्दावर हार्मनी आणायला हरकत नाही.

अंतऱ्यानंतरच्या मुखड्यात ती पूर्ण येऊ शकते, पण तिथेही मी 'फुटाळ्यावर' सोडतो आणि 'सांज' पासून सुरू करतो. 'फुटाळ्यावर' ही चार अक्षरं भराभर पायरी-पायरीने चढतात, जागेचं नाव आहे, ते एकट्या आवाजात स्वच्छ ऐकू यावं. 'सांज' वर चाल उडी घेऊन थांबते. तिथे हार्मनी थेट तार सा वर उगवली की तिच्या येण्याला कारण मिळतं. शेवटच्या मुखड्यात मात्र सगळं उघडा, पहिल्या अक्षरापासून.

एखादी जागा ठरवताना शंका असेल तर हार्मनीचा ट्रॅक एकदा चालू, एकदा म्यूट करून तीच ओळ ऐकायची. म्यूट केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटलं तर ती जागा हार्मनीची. म्यूट केल्यावर शब्द जवळ आल्यासारखे वाटले तर ती जागा एकट्या आवाजाची. हे रात्री उशिरा करू नये. त्या वेळी कानाला जास्त आवाज म्हणजे जास्त चांगलं असं वाटू लागतं.

गाऊन घेण्याबद्दल थोडं. सदरमधल्या चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्यांकडे एक गोष्ट असते: शेजारी वेगळी चाल चालू असताना आपली सोडायची नाही. आपल्या भजन-भावगीतांच्या घरात वाढलेल्यांना याची सवय नसते. त्यांचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंत नकळत मूळ चालीवर घसरतो. त्यांना आधी हार्मनी हीच गाण्याची चाल म्हणून शिकवावी, मूळ चाल ऐकवूच नये. 'तार सा तार सा तार सा ध प, म म ग' हे सरगमने पक्कं झालं की मग शब्द, आणि मग हेडफोनमध्ये मूळ आवाज अगदी हळू सुरू करून थोडा थोडा वाढवत न्यायचा. हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून गायला लावलं की बऱ्याच जणांचा सूर लगेच स्थिरावतो, कारण त्यांना स्वतःचा आवाज खोलीत ऐकू येतो.

वरचा सूर गळ्यात बसत नसेल तर ताणू नये. तीच हार्मनी एक सप्तक खाली घ्यावी. सा च्या वरचा ग आता खालचा ग होतो, नाव तेच, नातं तेच, पण चाल वर मोकळी राहते. मुलगी मुख्य गाणारी आणि मुलगा हार्मनी गाणारा असला की हे आपोआपच होतं. थर्डची चमक यात थोडी कमी होते, ऊब वाढते.

एक बारीक अडचण गंधाराची आहे. तानपुऱ्याबरोबर तयार झालेला कान शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित खाली लावतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर हा फरक साधारण १४ सेंटचा भरतो. गाण्यात फक्त तानपुरा आणि तबला असेल तर तो खालचाच गंधार ठेवा, दोन आवाज अक्षरशः एकजीव होतात. पण मागे कीबोर्डचे लांब सूर असतील तर तोच गंधार उतरलेला वाटेल, आणि गायकाला कारण कळणार नाही. तिथे कीबोर्डला धरून गायला सांगावं. सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर सगळं कीबोर्डच्याच पट्ट्यांवर ओढतं, म्हणून तानपुऱ्याच्या गाण्यात ते हार्मनीवर लावलं की गोडवा उडतो.

रेकॉर्डिंगमध्ये थर म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावं. एकच टेक कॉपी करून दुसऱ्या ट्रॅकवर टाकला तर थर होत नाही, तोच आवाज फक्त मोठा होतो. पुन्हा खरोखर गायलं की वेळेत आणि सुरात केसाएवढे फरक पडतात, आणि आवाज रुंद होतो तो त्या फरकांमुळे. मी हार्मनीचे दोन खरे टेक घेतो, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मुख्य आवाज मधोमध एकटा. दोन टेकमध्ये शब्द एकाच वेळी सुटतात की नाही, ते आधी बघायचं. 'काठाला' मधले क आणि ठ तीन आवाजांत मागेपुढे पडले तर गारा पडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून हार्मनी गाणाऱ्याला सांगायचं, क आणि ठ अगदी हलके घे, स्वर मात्र पूर्ण दे. 'सांज' मधला स तर फक्त मुख्य गायकाने म्हणावा, हार्मनीने थेट 'आं' वर यावं. ऐकणाऱ्याचा कान तो स दोन्ही आवाजांना लावून घेतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात थरांची आणखी एक किंमत असते. कूलर चालू ठेवून घेतलेल्या एका ट्रॅकमध्ये त्याची घरघर फारशी कळत नाही. पण वेगवेगळ्या टेकची घरघर एकमेकांत मिसळते तेव्हा ट्रॅक दुप्पट झाले की ती ३ डेसिबलने वाढते. चार थर म्हणजे ६ डेसिबल, आणि मग ओळींमधल्या शांततेत ती स्पष्ट ऐकू येते. कूलर बंद करून खोली तापेपर्यंत टेक घ्यायचे, मग थांबायचं, आणि जिथे हार्मनी गात नाही तिथला ट्रॅक कापून रिकामा ठेवायचा. हे कापणं थंडीतही करावं.

मिक्स करताना हार्मनी मुख्य आवाजाच्या साधारण ६ ते १० डेसिबल खाली ठेवली की ती वेगळी ऐकू येत नाही, पण जाणवते. खालचा जाडपणा १५०–२०० हर्ट्झच्या खाली कापून टाकावा, नाहीतर तीन आवाजांचा घट्ट गोळा होतो. वरची धार थोडी कमी आणि रिव्हर्ब मुख्य आवाजापेक्षा जरा जास्त ठेवला की ती मागे उभी राहते.

शेवटी सगळं एकदा मोनोमध्ये ऐकावं. मंडळाच्या मांडवातले स्पीकर आणि स्वस्त ब्लूटूथ डबे डावं-उजवं वेगळं वाजवत नाहीत. दोन बाजूंना ठेवलेली हार्मनी तिथे मधल्या आवाजाच्या मानाने खाली जाते, आणि 'काठाला' वरचे ते तीन सूर नाहीसेच होऊ शकतात. तसं झालं तर दोन्ही टेक पूर्ण कडेला न ठेवता थोडे आत आणायचे, आणि त्याच तीन अक्षरांपुरता आवाज एक-दोन डेसिबलने वाढवायचा. बाकी ओळ होती तशीच ठेवायची.